आधी फोन, मग गृहपाठ

शुक्रवारी संध्याकाळी सव्वासहाला नाशिकहून भाचीचा फोन आला. आवाजात निम्मा आनंद, निम्मी धास्ती. पुण्याच्या एका कन्सल्टन्सीतून तिला विचारणा झाली होती. त्वचेची प्रसाधनं बनवणारी कंपनी, सोशल मीडिया मॅनेजरची जागा. रिक्रूटर फोनवर चार मिनिटं बोलला आणि त्यानंतर अर्ध्या तासात मेल आला. मेलला दोन फाइली जोडलेल्या. एक सहा पानी फॉर्म, त्यात 58 रकाने. तिने ते मोजले होते. दुसरी 'असाइनमेंट': ब्रँडसाठी पुढच्या महिन्याचं पोस्टचं कॅलेंडर, म्हणजे 30 पोस्ट मजकुरासकट, रीलच्या दोन संहिता, तीन स्पर्धक ब्रँडचा अभ्यास, आणि हे सगळं मांडणारं प्रेझेंटेशन. मुदत सोमवार सकाळी दहा. खाली ठळक अक्षरांत एक ओळ: दोन्ही गोष्टी मिळाल्याशिवाय मुलाखतीची वेळ दिली जाणार नाही.

"मावशी, तू या धंद्यात होतीस ना? असंच असतं का?"

होते खरी. पुण्यात अकरा वर्षं रिक्रूटर म्हणून काढली. असे फॉर्म मी स्वतः शेकड्यांनी पाठवले आहेत, तेव्हा हा लेख निम्मा कबुलीजबाब आहे असं समजा. भाचीला मी एवढंच म्हटलं, की असं असतं, पण असायला हवंच असं नाही. आणि सोमवारपर्यंत यातलं काहीही करू नकोस, आधी उत्तर काय द्यायचं ते ठरवू.

उत्तर ठरवायचं तर पलीकडचा माणूस कुठे बसलाय ते आधी कळायला हवं. कन्सल्टन्सीला कंपनी पैसे देते ते उमेदवार रुजू झाल्यावर. आपल्याकडे सर्रास चालणारा दर वार्षिक सीटीसीच्या 8.33 टक्के, म्हणजे सरळ एका महिन्याचा पगार. कुणी रुजू झालं नाही तर शून्य. त्यामुळे रिक्रूटर एकाच वेळी दहा-पंधरा जागांवर काम करतो आणि एका जागेसाठी पाच-सहा प्रोफाइल पाठवले की पुढच्या जागेकडे वळतो. तुमच्याशी चार मिनिटंच बोलला, यात अपमान काही नाही. तेवढीच त्याच्या वाट्याला येतात. पण त्याच हिशेबाने त्याला सगळं आधीच गोळा करून हवं असतं. तुमचे सहा तास गेले तरी त्याच्या खिशातून काहीच जात नाही. चार मिनिटं त्याची आणि दोन दिवस तुमचे, ही विषमता एवढी सोपी आहे म्हणून ती वाढत जाते.

आधी फॉर्म. दिसतो एक, पण त्यात तीन वेगळे फॉर्म शिवलेले असतात.

पहिला म्हणजे आम्ही ज्याला 'ट्रॅकर' म्हणायचो तो. एक्सेलची एक आडवी ओळ: नाव, फोन, एकूण अनुभव, या कामाचा अनुभव, सध्याचं गाव, सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटिस पीरियड. क्लायंट कंपनीचा एचआर रेझ्युमे नंतर उघडतो, आधी ही ओळ वाचतो. हे विचारणं रास्त आहे आणि त्याची उत्तरं लगेच द्यावीत, कारण त्यात तुमचाही वेळ वाचतो. तुमचा नोटिस पीरियड 90 दिवसांचा, कंपनीला माणूस महिन्याभरात हवा, तर बोलणं तिथेच संपलेलं बरं. सध्याच्या पगाराचा रकाना मात्र मला कधीच आवडला नाही. कॅलिफोर्नियात 2018पासून तो उमेदवाराला विचारायलाच बंदी आहे. आपल्याकडे तशी बंदी नाही आणि तो रकाना रिकामा दिसला की रिक्रूटर पुढे जात नाही, हेही खरं. ज्यांना तो सांगायचा नाही त्यांनी अपेक्षित पगाराचा आकडा ठाम द्यावा आणि उलट विचारावं, या जागेचं बजेट काय? बजेट रिक्रूटरकडे असतंच. सांगत नाही तो माहीत नाही म्हणून नव्हे.

दुसरा फॉर्म म्हणजे पॅन क्रमांक आणि जन्मतारीख. याचं कारण बहुतेकांना ठाऊक नसतं. मोठ्या कंपन्या एकाच जागेसाठी पाच-सहा कन्सल्टन्सींना काम देतात. एकच उमेदवार दोघींकडून आला तर फी कुणाची, यावर भांडण होतं. म्हणून ज्याने आधी नोंद केली त्याचा उमेदवार, आणि ही मालकी पुढे काही महिने टिकते. एकाच नावाचे दहा जण असतात, म्हणून ओळख पटवायला पॅन. थोडक्यात, पॅन मागितला जातो तो तुमची चौकशी करायला नव्हे, तुमच्यावर शिक्का मारायला. यासाठी अख्खा क्रमांक लागत नाही. शेवटची चार अक्षरं आणि जन्माचा दिवस-महिना एवढ्यावर बऱ्याच ठिकाणी भागतं. शिक्का बसण्याआधी एक गोष्ट मात्र विचारायलाच हवी: क्लायंट कंपनी कोणती? "प्रोफाइल शेअर झाल्यावर सांगतो," असं उत्तर येतं, कारण नाव कळलं तर तुम्ही थेट अर्ज कराल ही भीती. पण नाव न कळताच होकार दिलात आणि त्याच कंपनीत आठवड्यापूर्वी दुसऱ्या कुणामार्फत तुमचा रेझ्युमे गेलेला असला, तर दोन कन्सल्टन्सींच्या भांडणात कंपनी तुम्हालाच बाजूला ठेवते. मी हे अनेकदा होताना पाहिलंय आणि दर वेळी उमेदवाराला खरं कारण कळलेलं नव्हतं.

तिसरा फॉर्म सर्वांत लांब. वडिलांचं नाव, भावंडं काय करतात, कायमचा पत्ता, आधार, यूएएन, बँक खातं, मागच्या तीन महिन्यांच्या पगारपत्रिका, आणि तीन रेफरन्स नाव-नंबरासकट. हा खरं तर नोकरीवर रुजू होतानाचा फॉर्म आहे. ऑफर दिल्यावर कागदपत्रांची पडताळणी होते तेव्हा यातलं बरंच काही खरोखर लागतं. पण ती पायरी मागून पुढे आणली जाते, कारण एकाच माणसाला दोनदा फॉर्म पाठवायचा आळस. निदान आमच्याकडे तरी कारण आळसच होतं. रेफरन्सचं कारण मात्र निराळं, आणि ते लिहायला मला आज बरं वाटत नाही. तुमचा जुना बॉस म्हणजे आमच्यासाठी एक अनुभवी उमेदवार, किंवा उद्या माणसं भरणारा नवा क्लायंट. मुलाखतीआधी गोळा केलेल्या रेफरन्सना आम्ही तुमच्याविषयी विचारायला क्वचितच फोन केला; आम्ही त्यांना नोकऱ्या विचारायला फोन केला. तुमचा सध्याचा साहेब त्या यादीत असेल, तर तुम्ही बाहेर पाहताय ही बातमी त्याला कुठून कळली, हे तुम्हाला कधीच कळत नाही.

तेव्हा रेफरन्स, आधार, बँक खातं आणि पगारपत्रिका मुलाखतीआधी द्यायच्या नाहीत. यात आडमुठेपणा काही नाही. 2023चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही याच दिशेने बोलतो: संमती ही सांगितलेल्या कामाला जेवढी माहिती आवश्यक आहे तेवढ्यापुरतीच. कायद्यातच एक उदाहरण दिलंय. ऑनलाइन वैद्यकीय सल्ला देणारं ॲप तुमच्या फोनमधली नंबरांची यादीही मागतं आणि तुम्ही 'हो' म्हणता. तरीही ती संमती सल्ल्यासाठीच्या माहितीपुरती धरली जाईल, नंबरांची यादी त्यात येत नाही. मुलाखतीची वेळ ठरवायला भावाचा पगार लागत नाही, हे त्यावरून कुणालाही ताडता येईल. हा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय, म्हणून रिक्रूटरला कलमं ऐकवण्यात अर्थ नाही. कायदा आपल्या मनात असावा, मेलमध्ये नको.

भाचीने काय केलं ते सांगते. 58 रकान्यांपैकी तिने 11 भरले. उरलेले मात्र रिकामे सोडले नाहीत, आणि हे महत्त्वाचं आहे. रिकामा रकाना विसरल्यासारखा दिसतो; रिक्रूटर फाइल परत पाठवतो आणि तुम्ही खजील होऊन भरता. तिने पॅनच्या पुढे शेवटची चार अक्षरं लिहिली, रेफरन्सच्या पुढे 'अंतिम फेरीनंतर', आणि आधार, बँक, पगारपत्रिका, घरची माहिती यांच्यापुढे 'ऑफर लेटरच्या वेळी'. नकार कुठेच नाही, फक्त तारीख पुढची. सहाव्या पानावर सहीच्या वर बारीक अक्षरांत एक वाक्य होतं: निवड प्रक्रियेत सादर केलेलं सर्व साहित्य कंपनीच्या मालकीचं राहील. त्यावर तिने रेघ मारली. का, ते पुढे येतंच.

आता असाइनमेंट. इथे सरसकट नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. काम करून पाहणं ही माणूस निवडण्याची जुनी आणि चांगली रीत आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1998मध्ये निवडपद्धतींवरच्या 85 वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा प्रत्यक्ष कामाचा नमुना पाहण्याची पद्धत यादीत अगदी वर होती आणि अनुभवाची किंवा शिक्षणाची वर्षं मोजण्याची पद्धत बरीच खाली. नंतरच्या फेरतपासणीत आकडे उतरले, तरी नमुना उपयोगाचा ठरला तो ठरलाच. आचारी ठेवताना आपण त्याला आमटी करून दाखव म्हणतो, ते चूक नाही. पण आमटी करून दाखव म्हणणं निराळं आणि उद्याच्या मुंजीचा दोनशे पानांचा स्वयंपाक करून दाखव म्हणणं निराळं.

हा फरक ओळखायची माझी खूण साधी आहे. उत्तर कंपनीला आधीच ठाऊक आहे का? प्रोग्रामरला ऑनलाइन चाचणीत दीड तासात दोन गणितं सोडवायला देतात, त्यांची उत्तरं कंपनीकडे असतात. तुमचं उत्तर तिला विकता येत नाही. काल्पनिक चहाच्या ब्रँडसाठी एक पोस्ट लिहा, हेही तसंच. ती परीक्षा झाली. पण भाचीला आलेल्या फाइलीत खऱ्या ब्रँडचं नाव होतं, पुढचा खरा महिना होता, त्या महिन्यातले सणवार होते आणि बाजारात यायच्या दोन नव्या वस्तू होत्या. उत्तर कंपनीला ठाऊक नव्हतं, हवं होतं. हे त्यांचं चालू काम होतं आणि त्याचा तुकडा बाहेर वाटायला काढला होता.

आम्ही शनिवारी सकाळी बसून हिशेब मांडला. एका पोस्टचा मजकूर आणि चित्राची सूचना, घाईने केली तरी वीस मिनिटं. 30 पोस्टचे दहा तास. रीलच्या दोन संहिता, तीन तास. स्पर्धकांचा अभ्यास, चार तास. प्रेझेंटेशन, तीन तास. एकूण 20. भाचीचा पगार वर्षाला सहा लाख, म्हणजे महिन्याला 50,000. महिन्याचे 22 दिवस, रोजचे आठ तास धरले तर तासाला सुमारे 284 रुपये. वीस तासांचे साडेपाच हजारांच्या वर झाले, तेही नोकरदाराच्या दराने. हेच काम बाहेरून करून घेतलं तर एजन्सी किती घेईल ते वेगळंच. आणि हे तिच्या एकटीचं. बारा जणांना पाठवलं असेल तर 240 तासांचं काम एका मेलमध्ये मागवलं गेलं होतं. ते चोरायचंच होतं असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा मार्केटिंगच्या साहेबाने विचार न करता स्वतःच्या टेबलावरचं काम पुढे ढकललेलं असतं, आणि आलेली बारा प्रेझेंटेशनं तो पूर्ण वाचतही नाही. मला विचाराल तर चोरीपेक्षा हे जास्त वाईट. चोराने निदान वाचलेलं असतं.

चोरी झालीच तर कायदा किती साथ देतो? थोडी. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार मजकुराचा पहिला मालक लिहिणारा. नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं मालकाचं होतं, पण उमेदवार नोकर नसतो. मालकी दुसऱ्याला द्यायची तर लेखी आणि सहीनिशी द्यावी लागते. म्हणून सहाव्या पानावरच्या त्या बारीक ओळीवर रेघ मारायची: खाली सही केलीत तर आपल्या हाताने दिल्यासारखं होतं. मात्र कायदा शब्दांना आणि मांडणीला संरक्षण देतो, कल्पनेला नाही. आर. जी. आनंद यांच्या 'हम हिंदुस्तानी' या नाटकावरून 'न्यू दिल्ली' हा चित्रपट उचलल्याचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1978मध्ये आनंद हरले, कारण विषय सारखा असला तरी मांडणी निराळी ठरली. तेव्हा "पावसाळ्यात आजीच्या बटव्याची मालिका करा" ही तुमची कल्पना कंपनीने वेगळ्या शब्दांत वापरली, तर हात चोळत बसण्यापलीकडे फारसं काही उरत नाही. पाठवायच्या आधीच हात आखडता घ्यायचा तो यासाठी.

मग उत्तर. इथे एक आतली गोष्ट सांगते, जी मला बाहेर पडल्यावरच नीट उमगली. असाइनमेंट रिक्रूटरने तयार केलेली नसते आणि ती बदलायचा अधिकारही त्याला नसतो. त्याच्याशी वाद घातलात तर तो तुमचं नाव गाळून पुढच्याला फोन लावतो, कारण तेच त्याला सोपं. पण तुमचा मेल जसाच्या तसा क्लायंटला पुढे पाठवण्याजोगा असेल तर तो पाठवतो. त्यात त्याला कष्ट नाहीत. म्हणून मेल रिक्रूटरच्या नावाने लिहायचा, पण वाचणार कंपनीतली व्यक्ती आहे असं धरून. राग नको, स्वतःची बाजू मांडणारा मोठा परिच्छेद नको, 'शोषण' हा शब्द तर नकोच. भाचीचा मेल इंग्रजीत गेला. मराठीत तो असा होता:

"नमस्कार. या जागेत मला रस आहे. फॉर्ममधली सध्या लागणारी माहिती भरून सोबत जोडली आहे. बाकीची कोणत्या टप्प्यावर देईन ते त्या-त्या रकान्यात लिहिलं आहे. असाइनमेंट पाहिली. तिला माझ्या अंदाजाने 20 तास लागतील. त्याआधी ही जागा ज्यांच्या हाताखाली आहे त्यांच्याशी 20 मिनिटं बोलता आलं तर ब्रँडकडून काय अपेक्षा आहे ते मला कळेल. बोलणं दोन्हीकडून जुळलं, तर दोन पोस्ट आणि एका रीलची संहिता करून मी ती स्क्रीनवर समजावून सांगेन. पूर्ण महिन्याचं कॅलेंडर हवं असल्यास ते मी मानधनावर करू शकते. तोपर्यंत माझं आधीचं काम पाहण्यासाठी लिंक देत आहे. सोमवार किंवा मंगळवारी संध्याकाळी सहानंतर मी मोकळी आहे."

तासांचा आकडा मुद्दाम घातलाय. पुष्कळदा मागणाऱ्याने तो मोजलेलाच नसतो आणि कागदावर दिसला की त्यालाच चमकायला होतं. लिंकही मुद्दाम, कारण त्यांना हुनर पाहायचा असेल तर तो पाहायची सोय आधीच आहे. आणि शेवटी वेळ दिलीय, म्हणजे पुढची हालचाल त्यांच्याकडे.

काही जण इथे विचारतील, की सरळ करूनच टाकलं तर? काही वेळा करावं. पहिली नोकरी शोधणाऱ्याकडे दाखवायला जुनं काम नसतं. त्याच्यासाठी तीन-चार तासांची असाइनमेंट म्हणजे हक्काचा नमुनाही होतो, निवड झाली नाही तरी जवळ राहतो. कॉलेजातून एकदम शेकडो मुलं घेणाऱ्या कंपनीला "आधी फोनवर बोलू" म्हणण्यात अर्थ नाही. तिथे चाचणी हीच चाळणी. मोठ्या कंपन्यांची पोर्टलं रेझ्युमे घेऊन पुन्हा तेच सगळं टाइप करायला लावतात, तिथे वाद घालायला समोर माणूसच नसतो. एका फाइलीत तारखा, हुद्दे, पत्ते लिहून ठेवायचे आणि तिथून चिकटवायचे, एवढंच. आणि घरात पगाराची निकड असेल तर तत्त्वं थोडी बाजूला ठेवावी लागतात. त्याबद्दल कुणी कुणाला उपदेश करू नये. मात्र करायचं ठरलं तर मर्यादेत करावं. 30पैकी दोन पोस्ट पूर्ण, बाकीच्यांचे नुसते विषय. फाइल पीडीएफ, प्रत्येक पानावर नाव आणि तारीख. मूळ डिझाइनची फाइल किंवा बदल करता येईल अशी लिंक द्यायची नाही. मेलमध्ये एक ओळ: हे काम निवडीपुरतं आहे, वापरायचं असल्यास आधी बोलावं. ती ओळ कुणाला थांबवेलच असं नाही, पण तारखेसकट तुमच्या 'सेंट'मध्ये राहते.

आणखी एक खड्डा नेहमी दुर्लक्षिला जातो. असाइनमेंटमध्ये कधी कधी विचारतात, सध्याच्या कंपनीत जाहिरातीवर महिन्याला किती खर्च करता, कोणत्या एजन्सीकडून करता, टीममध्ये कोण कोण आहे. हे तुमचं नाही, तुमच्या मालकाचं आहे. नेमणूकपत्रातलं गोपनीयतेचं कलम याच्यासाठीच असतं. इथे 'अंतिम फेरीनंतर' नाही, कधीच नाही.

आणि फॉर्मसोबत नोंदणीचे पाचशे रुपये किंवा लॅपटॉपची अनामत मागितली, तर हा सगळा विचार करत बसू नका. ती नोकरीच नाही. पैसे गेले असतील तर 1930 हा सायबर फसवणुकीचा क्रमांक तातडीने फिरवा.

सोमवारी अकराला त्या रिक्रूटरचा भाचीला फोन आला. ती बोलणं स्पीकरवर टाकून माझ्याशी दुसऱ्या फोनवर होती, तेव्हा मीही ऐकलं.

"मॅडम, क्लायंट म्हणतायत, बाकी सगळ्यांनी केलंय."

"सगळे म्हणजे किती जण, सर?"

"बारा-तेरा असतील."

"आणि यातून मुलाखतीला किती बोलावणार?"

तो जरा थांबला. "तसं नक्की नाही. पोझिशन पुढच्या क्वार्टरमध्ये मंजूर होणार आहे."

म्हणजे जागाच नव्हती. मला हसू आलं आणि लाजही वाटली, कारण हे वाक्य मी स्वतः बोललेलं आहे. मंजूर न झालेल्या जागेसाठी प्रोफाइल गोळा करून ठेवायचे, याला आम्ही पाइपलाइन भरणं म्हणायचो. पण तो मुलगा खरं बोलला, याचं श्रेय त्याला द्यायला हवं. सरळ प्रश्न विचारला की बरेच रिक्रूटर सरळ सांगतात. अडचण एवढीच, की विचारत कुणी नाही. भाचीने शांतपणे सांगितलं, जागा मंजूर झाली की नक्की फोन करा. तो आला नाही.

तीन आठवड्यांनी मुंबईच्या एका कंपनीकडून तसाच मेल आला, फॉर्म थोडा लहान, असाइनमेंट 15 पोस्टची. भाचीने तेच पत्र आकडे बदलून पाठवलं. दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मार्केटिंगच्या प्रमुख बाईंनी स्वतः फोन केला, वीसऐवजी पस्तीस मिनिटं बोलल्या आणि म्हणाल्या, पंधरा राहू दे, मला एक मराठी आणि एक हिंदी पोस्ट दाखव. भाचीने अडीच तासांत त्या केल्या, स्क्रीनवर दाखवल्या, पुढच्या फेरीला गेली आणि तिथे राहिली. निवड दुसऱ्या कुणाची झाली. पण बाईंनी दोन ओळींचा मेल धाडला: मराठी उत्तम आहे, हिंदी मराठीतून उतरवल्यासारखी वाटते; आम्हाला हिंदीच जास्त लागते.

"हे खरंच आहे गं मावशी," भाची म्हणाली. सध्या ती दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या इंदूरच्या मैत्रिणीकडून आपल्या कॅप्शन तपासून घेते.